आठवड्यातून एकदाची गोळी आणि तिच्या खोक्यातला कागद

प्रश्न: माझी आई ६१ वर्षांची आहे. आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो. बोटांचे सांधे सुजतात म्हणून धंतोलीतल्या डॉक्टरांनी आमवाताचं निदान करून मेथोट्रेक्सेट ७.५ मिलिग्रॅम आणि फॉलिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम लिहून दिलं आहे. तिला बीपीची गोळी चालू आहे (टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली). क्रिएटिनिन १.१ आलं आहे. खोक्यातला कागद वाचला तर त्यात कॅन्सर, चार-पाच प्रकारचे डोस आणि दुष्परिणामांत मृत्यूसुद्धा लिहिलाय. गोळी सुरू करावी का, आणि हा कागद नेमका वाचायचा कसा?

उत्तर:

सुरुवातीच्या रक्ततपासण्या डॉक्टरांनी पाहिल्या असतील, तर कागदातल्या भीतीपोटी गोळी थांबवू नका. आमवातात सांधे कायमचे वाकडे होण्याआधी त्यांना वाचवणाऱ्या औषधांत मेथोट्रेक्सेट आजही पहिलं मानलं जातं. मात्र हे औषध चुकीच्या पद्धतीने घेतलं तर जीवावर बेततं, आणि ती चूक बहुतेक वेळा घरात किंवा दुकानाच्या काउंटरवर होते. म्हणून कागद वाचायला घेतलात हे योग्यच केलंत. मी रुग्णालयातल्या औषध विभागात फार्मासिस्ट आहे आणि हाच कागद बऱ्याच कुटुंबांसमोर उलगडून बसले आहे. जसा त्यांना समजावते तसाच इथे लिहिते.

कागदाच्या अगदी वरची ओळ पाहा. ‘फक्त नोंदणीकृत डॉक्टर, रुग्णालय किंवा प्रयोगशाळेच्या वापरासाठी’ अशा अर्थाची ती इंग्रजी ओळ असते. म्हणजे तुमच्या हातात जे आहे ते डॉक्टरांसाठी लिहिलेलं आहे. हे औषध ज्या ज्या आजारांत वापरतात त्या सगळ्यांची माहिती त्यात एकत्र कोंबलेली असते. त्यामुळे वरून खाली वाचत गेलात तर गोंधळ होणारच. टेबलावर चार गोष्टी शेजारी-शेजारी ठेवा: डॉक्टरांची चिठ्ठी, मेथोट्रेक्सेटच्या गोळ्यांचा पत्ता, आई घेत असलेली बाकी सगळी औषधं, आणि शेवटचा रक्ताचा रिपोर्ट. मग कागदाच्या प्रत्येक भागाला एकच विचारायचं: यातलं माझ्या आईला लागू पडणारं वाक्य कोणतं?

त्याआधी या औषधाबद्दलच्या दोन गोष्टी नीट समजून घ्या. पुढचं जवळपास सगळं त्या दोनमधूनच निघतं.

पहिली गोष्ट, मेथोट्रेक्सेट शरीरात फॉलिक अ‍ॅसिडच्या कामात अडथळा आणतं. नवीन पेशी तयार व्हायला फॉलिक अ‍ॅसिड लागतं, म्हणून ज्या पेशी भराभर वाढतात त्यांच्यावर हे औषध आधी परिणाम करतं. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात, म्हणून ते मुळात कॅन्सरसाठी आलं. १९४८ मध्ये अमेरिकेत सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांवर याच जातीचं अमिनोप्टेरिन वापरून आजार तात्पुरता आटोक्यात आल्याचं दाखवलं होतं. फॉलिक अ‍ॅसिडला रोखणारी ही औषधं बनवणाऱ्या संशोधकांच्या गटाचे प्रमुख आंध्रातून तिकडे गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. आमवातात आपण तेच औषध फार कमी मात्रेत, आठवड्यातून एकदा देतो. तिथे त्याचं काम वेगळं असतं: सांध्यांवर हल्ला करणारी प्रतिकारशक्ती शांत करणं. म्हणून कागदावर कॅन्सर हा शब्द आहे आणि तुमच्या आईला कॅन्सर नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पण भराभर वाढणाऱ्या पेशी निरोगी शरीरातही असतात. तोंडाच्या आतलं अस्तर, आतड्याचं अस्तर, केसांची मुळं आणि हाडांतला मगज, जिथे रक्त तयार होतं, या सगळ्या त्यातल्या. मात्रा जास्त झाली की दुखापत याच ठिकाणी दिसते.

दुसरी गोष्ट, हे औषध शरीराबाहेर जातं ते मुख्यतः किडनीवाटे. किडनी मंदावली की घेतलेली मात्रा तीच राहते, पण शरीरात औषध जास्त वेळ साठून राहतं.

आता कागदातला डोसचा भाग काढा. ‘डोसेज अँड अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ असं शीर्षक असेल. यातला पहिला परिच्छेद बहुधा कॅन्सरचा असतो. उदाहरणार्थ, गर्भाशयातल्या कोरिओकार्सिनोमा नावाच्या कॅन्सरसाठी १५ ते ३० मिलिग्रॅम रोज, पाच दिवस. घाईत वाचणाऱ्याची नजर नेमकी याच ‘रोज’वर पडते. तो परिच्छेद तुमचा नाही. खाली ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’, म्हणजे आमवात, असं लिहिलेलं सापडेपर्यंत सरका आणि त्याखालच्या चार ओळीच वाचा. तिथे साधारण असं असतं: सुरुवात आठवड्यातून एकदा ७.५ मिलिग्रॅमपासून, प्रतिसाद पाहून हळूहळू वाढ, आणि आठवड्याला २० ते २५ मिलिग्रॅमच्या पुढे सहसा नाही. आईची चिठ्ठी या चौकटीत अगदी खालच्या टोकाला बसते. डॉक्टरांनी सावधपणे सुरुवात केली आहे, आणि त्याचं एक कारण किडनीच्या आकड्यात दिसेल. तिकडे येतेच.

डोसच्या भागात आधी ‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द शोधा, आकडा नंतर. आपल्याकडे बहुतेक गोळ्या रोज घ्यायच्या असतात. दुकानदार सवयीने पाकिटावर ‘१-०-०’ लिहून देतो, घरातला दुसरा माणूस आईला सकाळी बीपीच्या गोळीसोबत हीसुद्धा देतो, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. ७.५ मिलिग्रॅम आठवड्याला ही सौम्य मात्रा आहे. तीच रोज सलग सात-आठ दिवस घेतली तर तोंडभर फोड येतात, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स कोसळतात, आणि अशाने जगभरात माणसं दगावली आहेत. म्हणूनच अमेरिकेतल्या कागदावर ही सूचना चौकटीत छापतात आणि २०१९ मध्ये युरोपीय औषध संस्थेने आठवड्याच्या वापराची ठळक सूचना खोक्यावर आणि रुग्णासोबतच्या कार्डावर असायला हवी असं ठरवलं. आपल्याकडच्या पत्त्यावर तशी सूचना ठळक असेलच असं नाही. तेव्हा ते काम तुम्हीच करायचं. मार्करने पत्त्यावर वाराचं पूर्ण नाव लिहा: ‘फक्त मंगळवारी’.

वार कोणता, यावर माझं मत आहे. आईचा उपास ज्या दिवशी असतो तो आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा वार टाळा, कारण रिकाम्या पोटी मळमळ वाढते आणि उपासात पाणी कमी प्यायलं जातं. शनिवार-रविवारही टाळा. गोळीनंतरच्या एक-दोन दिवसांत काही त्रास झाला तर डॉक्टर भेटायला हवेत. मंगळवारी रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळीचा बराचसा काळ झोपेत जातो. एकदा ठरवलेला वार बदलायचा नाही.

पत्त्यावरचा मिलिग्रॅमचा आकडा दर वेळी नव्याने वाचा. मेथोट्रेक्सेट आपल्याकडे २.५, ५, ७.५, १० आणि १५ मिलिग्रॅमच्या गोळ्यांत मिळतं. आज ७.५ ची एक गोळी मिळाली. पुढच्या महिन्यात दुकानात ती नसेल आणि २.५ चा पत्ता मिळाला तर तीन गोळ्या घ्यायच्या. मग कधीतरी पुन्हा ७.५ चा पत्ता आला आणि आईच्या डोक्यात ‘तीन गोळ्या’च बसलेल्या असतील, तर मात्रा एकदम २२.५ होते. शक्यतो एकाच ताकदीची गोळी मागा, आणि ती नसेल तर दुसरं दुकान बघा. धंतोली-रामदासपेठेत औषधाच्या दुकानांची कमी नाही.

फॉलिक अ‍ॅसिडची गोळी कशासाठी, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. औषध ज्याला अडवतं त्याचाच थोडा पुरवठा करून तोंडाचे फोड, मळमळ आणि लिव्हरवरचा ताण कमी करायचा. ती मेथोट्रेक्सेटच्या दिवशी घ्यायची नाही, अशी आपल्याकडे बहुतेक डॉक्टरांची पद्धत आहे. काही डॉक्टर आठवड्यातून एक दिवस देतात, काही बाकीचे सगळे दिवस. तुमच्या चिठ्ठीत जे आहे ते पाळा, आणि अक्षर लागत नसेल तर फोन करून विचारा, अंदाज बांधू नका. इथे एक धोका आहे. या दोन्ही गोळ्या बऱ्याचदा लहान आणि पिवळसर असतात. पत्त्यातून काढून एकाच डबीत ठेवल्या आणि रोजच्या फॉलिक अ‍ॅसिडच्या जागी मेथोट्रेक्सेट गेलं, तर वरची सगळी दुर्घटना घडते. मेथोट्रेक्सेट वेगळ्या डब्यात ठेवा, आईच्या रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ते कधीच नको. त्या डब्याची जबाबदारी घरातल्या एकाच माणसाने घ्यावी.

मंगळवार चुकला तर? दोन दिवसांच्या आत आठवलं तर तेव्हा घ्या आणि पुढची गोळी नेहमीच्या मंगळवारीच. त्याहून उशीर झाला तर तो आठवडा सोडून द्या. भरपाई म्हणून दोन आठवड्यांच्या गोळ्या एकदम कधीही नाही.

आता क्रिएटिनिन. रिपोर्टमध्ये १.१ समोर कुठलीही खूण नसेल, कदाचित नॉर्मलच्या रकान्यात बसेल, आणि घरात सगळ्यांना वाटेल की किडनी चांगली आहे. पण क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. साठीच्या बाईच्या अंगात स्नायू कमी, म्हणून तोच आकडा पंचविशीच्या मुलात ठीक आणि आईत कमी-जास्त धोक्याचा ठरतो. त्यासाठी वय आणि लिंग धरून ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते याचा अंदाज, काढतात. ६१ वर्षांच्या स्त्रीचं क्रिएटिनिन १.१ असेल तर आज वापरात असलेल्या सूत्राने तो साधारण ५७ येतो. आता कागदातला किडनीचा परिच्छेद वाचा, ‘रीनल इम्पेअरमेंट’ असा शब्द असतो. बऱ्याच कागदांत असं दिलेलं असतं: ६० किंवा जास्त असेल तर पूर्ण मात्रा, ३० ते ५९ मध्ये निम्मी, ३० च्या खाली अजिबात नाही. आई निम्म्या मात्रेच्या पट्ट्यात येते. म्हणून ७.५ वर सुरुवात शहाणपणाची आहे, आणि पुढे कुणी १५ वर न्यायचं म्हणालं तर तुम्ही ‘आजचा ईजीएफआर किती आहे?’ हे विचारणं योग्य आहे. लॅबला सांगितलं तर ते रिपोर्टवरच छापून देतात.

किडनीचा हा आकडा हाताशी ठेवूनच ‘ड्रग इंटरॅक्शन्स’चा भाग उघडा. तिथे तीस-चाळीस औषधांची नावं असतील. सगळी पाठ करायची गरज नाही. आईच्या आयुष्यात येण्याची शक्यता असलेली आधी शोधा.

सगळ्यात वर को-ट्रायमोक्साझोल. पत्त्यावर ट्रायमेथोप्रिम आणि सल्फामेथॉक्साझोल ही दोन नावं एकत्र दिसतील. स्वस्त, जुनी, चांगली अँटिबायोटिक आहे, आणि मेथोट्रेक्सेटसोबत ती टाळायचीच. समजा मे महिना आहे, बाहेर ४५ अंश, कुलरमध्ये बसूनही घाम आणि पाणी कमी. आईला लघवीला जळजळ होते. मानेवाड्यातल्या फॅमिली डॉक्टरांकडे तुम्ही जाता, ते विचारतात ‘काही चालू आहे का?’ आई म्हणते, ‘बीपीची गोळी.’ मेथोट्रेक्सेट रोजचं नसल्याने तिला ते ‘चालू’ वाटतच नाही. पाच दिवसांचं को-ट्रायमोक्साझोल मिळतं. ट्रायमेथोप्रिमही फॉलिक अ‍ॅसिडचाच मार्ग अडवतं, म्हणजे एकाच जागी दोन अडथळे झाले. वर ते किडनीतून मेथोट्रेक्सेट बाहेर जाण्यातही आडवं येतं. त्यात उन्हाने आणि कमी पाण्याने किडनी आधीच मंद. मंगळवारची गोळी नेहमीसारखी पोटात जाते. आठवड्याभरात तोंडात फोड, मग ताप, आणि रक्ताच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स, हिमोग्लोबिन तिन्ही खाली. गोळ्यांच्या मात्रेत कुणाचीच चूक नव्हती. चूक एका उत्तरात झाली. म्हणून डॉक्टर कोणतेही असोत, दाताचे, डोळ्याचे, कानाचे, पहिलं वाक्य हेच असू द्या: ‘आई आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेते.’ अँटिबायोटिक लागणारा कुठलाही संसर्ग झाला की तो बरा होईपर्यंत मेथोट्रेक्सेट थांबवायचं का, हे धंतोलीच्या डॉक्टरांना फोन करून विचारा. बहुतेक वेळा ते थांबवायलाच सांगतात. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधंही मेथोट्रेक्सेटचं बाहेर जाणं कमी करू शकतात, पण धोका को-ट्रायमोक्साझोलएवढा नाही.

दुसऱ्या क्रमांकावर दुखण्याच्या गोळ्या. कागदात ‘एनएसएआयडी’ असं लिहिलेलं असतं; त्यात डायक्लोफिनॅक, अ‍ॅसेक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन हे सगळे आले. कागद वाचून वाटेल की यांची एकही गोळी चालणार नाही. आमवाताच्या कमी मात्रेत डॉक्टर या दोन्ही गोष्टी कधीकधी मुद्दाम एकत्र देतात, रक्ततपासणीवर लक्ष ठेवून. त्यामुळे सर्वांसाठी सरसकट बंदी असं मी म्हणणार नाही. तुमच्या आईच्या बाबतीत मात्र मला खरी काळजी वाटते, आणि तिचं कारण मेथोट्रेक्सेटच्या कागदात एका जागी सापडणार नाही. ते बीपीच्या गोळीत आहे. टेल्मिसार्टन किडनीतल्या गाळणीचा दाब कमी करतं. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवी वाढवून शरीरातलं पाणी आणि मीठ कमी करतं. यात दुखण्याची गोळी आली की किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा आणखी घटतो. ही तिन्ही एकत्र आल्यावर किडनी अचानक बसू शकते, विशेषतः उन्हाळ्यात किंवा हगवण-उलटी लागली असताना. आणि किडनी बसली की मेथोट्रेक्सेट साठतं. म्हणजे सांधे दुखतात म्हणून दुकानातून मागून घेतलेली अ‍ॅसेक्लोफिनॅकची पट्टी तुमच्या आईला इतरांपेक्षा जास्त महाग पडू शकते. सध्या दुखणं वाढलं तर आधी पॅरासिटामॉल, आणि बाकीचं डॉक्टरांना विचारून. पॅरासिटामॉलसुद्धा इतर गोळ्यांत मिसळलेलं असतं; अ‍ॅसेक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या गोळ्या तर सर्रास मिळतात. तेव्हा पत्त्यावरची घटकांची ओळ वाचल्याशिवाय ‘ही साधी दुखण्याची गोळी आहे’ असं मानू नका. मेथोट्रेक्सेटचा सांध्यांवर परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, हे आईला आधीच सांगून ठेवा. नाहीतर तिसऱ्याच आठवड्यात ती दुकानात जाईल.

याच कारणाने हा सल्लाही लिहून ठेवा: ज्या दिवशी उलट्या, जुलाब किंवा ऊन लागून अंगातलं पाणी गेलं असेल, त्या दिवशी मेथोट्रेक्सेट घेऊ नका आणि डॉक्टरांना कळवा. बीपीच्या गोळीचं काय करायचं तेही त्याच फोनवर विचारा.

इंटरॅक्शन्समधलं बाकीचं थोडक्यात. दारू नको, लिव्हरवर दुहेरी भार पडतो. अ‍ॅसिडिटीच्या पॅन्टोप्रॅझोल-ओमेप्रॅझोलबद्दल कागदात असतं. ती काळजी मुख्यतः कॅन्सरच्या मोठ्या मात्रेत आहे, तरी रोज घेत असेल तर डॉक्टरांना सांगा. जिवंत जंतूंच्या लसी टाळायच्या. सांध्यांसाठी कुणी काढा, भस्म किंवा पुड्या दिल्या तर त्यात काय आहे ते कळेपर्यंत या औषधासोबत नको. लिव्हरचे आकडे वाढले तर दोष कशाचा हे नंतर शोधता येत नाही.

आता ज्या भागाने तुम्ही घाबरलात तो, ‘अ‍ॅडव्हर्स रिअ‍ॅक्शन्स’. तिथे शंभरएक गोष्टी असतात आणि सगळ्या सारख्याच ठळक दिसतात. यादीच्या बाजूला बहुधा वारंवारतेचे शब्द असतात, आणि त्यांना ठरलेले अर्थ आहेत. ‘व्हेरी कॉमन’ म्हणजे दहांतल्या एका किंवा त्याहून जास्त जणांना. ‘कॉमन’ म्हणजे शंभरातल्या एका ते दहा जणांना. ‘अनकॉमन’ हजारात एक ते दहा, ‘रेअर’ दहा हजारांत एक ते दहा, आणि ‘व्हेरी रेअर’ त्याहूनही कमी. हे शब्द धरून यादी पुन्हा वाचली की तिचा आकार बदलतो. मळमळ, भूक कमी होणं, गोळीच्या दुसऱ्या दिवशी गळून गेल्यासारखं वाटणं, लिव्हरच्या एन्झाइम्सची थोडी वाढ हे वरच्या गटात असतं. केस थोडे पातळ होणं हेही घडतं. मात्रा कमी करून किंवा फॉलिक अ‍ॅसिड वाढवून यातलं बरंचसं सांभाळता येतं. मृत्यूचा उल्लेख मुख्यतः मोठ्या मात्रा, रोज घेण्याची चूक, बिघडलेली किडनी आणि न ओळखलेला संसर्ग यांच्याशी जोडलेला आहे.

पण वारंवारता आणि गांभीर्य या वेगळ्या गोष्टी आहेत. एखादा त्रास क्वचित होतो म्हणून त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. म्हणून यादीतून खालच्या खुणा वेगळ्या काढून फ्रिजवर लावा.

तोंडातले फोड ही मी सगळ्यात आधी पाहते ती खूण. एखादा बारीक फोड येऊन गेला तर डॉक्टरांना पुढच्या भेटीत सांगा. पण अनेक फोड आले, गिळताना दुखतं, तिखट-मीठ लागलं की जीव जातो, असं झालं तर पुढची गोळी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून रक्त तपासा. तोंडाचं अस्तर दिसतं, हाडांतला मगज दिसत नाही. दोन्हीकडे त्रास एकाच कारणाने होतो, म्हणून आतलं काय चाललंय याचा सुगावा तोंडातून मिळतो.

ताप, घसा दुखणं, थंडी वाजणं. नागपुरात जुलै ते ऑक्टोबर या काळात याला एक मोठा पेच आहे. या दिवसांत घरोघरी डेंग्यू आणि चिकुनगुन्या असतो, ‘व्हायरल असेल’ म्हणून दोन दिवस पॅरासिटामॉलवर काढायची सगळ्यांनाच सवय आहे. डेंग्यूतही पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स घटतात, मेथोट्रेक्सेटच्या विषबाधेतही घटतात. केवळ आकड्यांवरून फरक सांगणं डॉक्टरांनाही अवघड जातं, आणि औषध चालू आहे हे सांगितलं नाही तर त्या दिशेने कुणी विचारच करत नाही. आईला ताप आला तर वाट पाहू नका: त्या आठवड्याची गोळी थांबवा, त्याच दिवशी सीबीसी, क्रिएटिनिन आणि लिव्हरच्या तपासण्या करा, आणि डेंग्यूची तपासणी करायची असेल तर तीही सोबतच.

कोरडा खोकला आणि धाप. यात कफ नसतो, ताप असेल किंवा नसेल, आणि जिना चढताना आधी न लागणारी धाप लागते. मेथोट्रेक्सेटमुळे फुप्फुसात सूज येऊ शकते. ती क्वचित येते आणि कमी मात्रेतही येऊ शकते, रक्ततपासणीत ती दिसत नाही. ही खूण दिसली तर त्याच दिवशी रुग्णालयात जा आणि छातीचा एक्स-रे काढा.

याशिवाय डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, अंगावर निळे-काळे डाग उठणं, हिरड्यांतून रक्त येणं, अंगावर फोड येऊन कातडी सुटणं किंवा लघवी एकदम कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.

आणि चुकून रोज घेतल्याचं लक्षात आलं तर लक्षणांची वाटच पाहायची नाही, आईला अगदी ठणठणीत वाटत असलं तरी. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, मेयो किंवा जवळचं मोठं रुग्णालय, थेट तातडीच्या विभागात. सोबत गोळ्यांचा पत्ता आणि किती दिवस किती गोळ्या गेल्या याची चिठ्ठी न्या. यावर उतारा आहे. त्याचं नाव ल्युकोव्होरिन, म्हणजे फॉलिनिक अ‍ॅसिड, आणि तो जितका लवकर मिळेल तितका उपयोगी पडतो. घरातलं फॉलिक अ‍ॅसिड जास्त घेऊन ते काम होत नाही, कारण मेथोट्रेक्सेटने अडवलेल्या पायरीच्या आधीच ते अडकतं. ल्युकोव्होरिन त्या पायरीच्या पुढून शरीरात शिरतं. तातडीच्या विभागात हे नाव तुम्ही घेतलंत तर वेळ वाचेल.

एक गोष्ट मी मुद्दाम वेगळी ठेवली होती: गरोदरपण. ‘कॉन्ट्राइंडिकेशन्स’मध्ये ते सगळ्यात वर असतं, कारण हे औषध गर्भाला गंभीर इजा करतं. आईला ते लागू नाही. पण घरात कुणी गरोदर असेल किंवा बाळाचा विचार करत असेल, तर तिने या गोळ्या मोडायच्या, कुटायच्या किंवा चुरा हाताळायच्या नाहीत. आईला गोळी गिळता येत नसेल तर कुटून देऊ नका, डॉक्टरांना सांगा. याच भागात किडनीचा गंभीर विकार, लिव्हरचा विकार आणि चालू असलेला संसर्ग अशा गोष्टी असतात. सुरुवातीला कावीळ बी आणि सीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे झालाय का, ते चिठ्ठीत पाहा; नसेल तर विचारा.

तपासण्यांचा क्रम साधारण असा: पहिले तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी सीबीसी, लिव्हरचे एन्झाइम्स आणि क्रिएटिनिन, पुढचे तीन महिने दोन-तीन महिन्यांच्या अंतराने, आणि त्यानंतर सगळं स्थिर असेल तर दर तीन महिन्यांनी. मात्रा वाढवली की क्रम पुन्हा दाट होतो. लिव्हरच्या तपासणीसाठी गोळीनंतर लगेचच्या दोन दिवसांत रक्त देऊ नका, तेव्हा एन्झाइम्स तात्पुरते वाढलेले दिसू शकतात आणि उगाच गोळी बंद होते. मंगळवारी गोळी असेल तर सोमवारी रक्त द्या, म्हणजे पुढची गोळी घ्यायच्या आत रिपोर्ट हातात येतो. आईच्या बाबतीत मी एप्रिल-मेमध्ये क्रिएटिनिन एकदा जास्तीचं करायला डॉक्टरांना सुचवेन.

औषधामुळे काही त्रास झाल्याची शंका आली तर भारत सरकारच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाची मोफत फोनसेवा आहे, १८००-१८०-३०२४. तिथे रुग्ण किंवा नातेवाईकही नोंद करू शकतात. ती नोंद आहे, उपचार नाही, म्हणून आधी डॉक्टर आणि मग फोन. कागद मात्र फेकू नका. आपल्याकडे दहा-दहा पत्त्यांच्या खोक्यात बऱ्याचदा एकच कागद येतो आणि सुटा पत्ता घेणाऱ्याला तो मिळतच नाही. तुम्हाला मिळालाय. त्यावर आईचा ईजीएफआर, ठरलेला वार आणि मात्रा लिहा, आमवाताचा परिच्छेद आणि वरच्या खुणा पेनाने अधोरेखित करा, आणि पुढच्या भेटीला तोच कागद धंतोलीला घेऊन जा. दुखण्याची गोळी लागली तर कोणती आणि किती दिवस, हे तिथेच त्यावर लिहून घ्या.